दीडाची कसोटी : दोन लॉगॅरिथम आणि युक्लिडची सातवी व्याख्या

आज आपण एका छोट्याशा गणितापासून सुरुवात करणार आहोत आणि तिथून बावीस-तेवीसशे वर्षं मागे जाणार आहोत. गणित असं : २ च्या पायावर ३ चा लॉग मोठा, की ३ च्या पायावर ५ चा लॉग मोठा? कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबलही नाही. कागद-पेन्सिल चालेल, पण खरं सांगायचं तर तीही लागणार नाही.

लॉग या शब्दाला ज्यांनी शाळेनंतर रामराम ठोकला असेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. २ च्या पायावर ३ चा लॉग म्हणजे २ चा कितवा घात केला की ३ येतात, तो आकडा. पहिला घात २, दुसरा घात ४. तीन मध्ये आहेत, म्हणजे हा आकडा एक आणि दोन यांच्या मध्ये कुठेतरी आहे. दुसऱ्या संख्येचंही तेच. ३ चा पहिला घात ३, दुसरा ९, आणि पाच त्यांच्या मध्ये. म्हणजे हीसुद्धा एक आणि दोन यांच्या मध्येच. दोघी एकाच घरात राहतात. प्रश्न इतकाच, की कोण वरच्या मजल्यावर आहे?

आता क्षणभर थांबून अंदाज करा. पुष्कळ लोकांचा अंदाज असा असतो : ३ हे २ च्या दीडपट आहेत, ५ हे ३ च्या दीडपटीहून जास्त आहेत, पावणेदोन पटीच्या आसपास, म्हणजे दुसरी संख्या मोठी. ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं, आणि तरी ते चूक आहे. पटीत अंतर जास्त आहे हे खरं, पण ते अंतर मोजायची पट्टीही बदलली आहे. पहिल्या वेळी आपण २ च्या पट्टीने मोजतो, दुसऱ्या वेळी ३ च्या. लांब पट्टीने मोजलं की आकडा लहान येतो. तेव्हा दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात, आणि नुसतं बघून कोण जिंकतं ते कळत नाही.

जरा जास्त गणित केलेल्यांचा दुसरा मार्ग असतो. त्यांना ठाऊक असतं, की २ च्या पायावर ३, मग ३ च्या पायावर ४, मग ४ च्या पायावर ५ असे लॉग घेत गेलं तर ते उतरत जातात. ते म्हणतात, मग झालं की, दुसरी संख्या लहान! पण हा नियम ३ च्या पायावर ४ च्या लॉगबद्दल बोलतो. आपल्याकडे ४ नाहीत, ५ आहेत, आणि ५ चा लॉग ४ च्या लॉगपेक्षा मोठा. तो किती वर चढला, पहिल्या संख्येला ओलांडून गेला का, यावर हा नियम गप्प आहे. उत्तर योगायोगाने बरोबर येतं, पण ते सिद्ध झालेलं नसतं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवताना परीक्षेत अशा उत्तराला निम्मेसुद्धा गुण देत नव्हतो.

मग सिद्ध कसं करायचं? दोघींच्या मध्ये एक खुंटी ठोकायची. एखादा साधा अपूर्णांक शोधायचा, जो एकीपेक्षा लहान आणि दुसरीपेक्षा मोठा आहे. एक आणि दोन यांच्या मध्ये सगळ्यात साधा अपूर्णांक कोणता? आपल्या भाषेत तर त्याला स्वतःचं नाव आहे : दीड. आमच्या आधीच्या पिढीने दीडकी तोंडपाठ केली होती, त्यामुळे दीड हा कुणाला परका नाही.

२ चा दीड-घात म्हणजे काय? अशी संख्या, जिचा वर्ग केला की २ चा घन येतो, म्हणजे ८. आता ३ चा वर्ग किती? ९. नऊ आठांपेक्षा मोठे. म्हणजे ३ हे २ च्या दीड-घाताच्या पुढे आहेत. म्हणजेच २ च्या पायावर ३ चा लॉग दीडपेक्षा मोठा. आता दुसरीकडे. ३ चा दीड-घात म्हणजे जिचा वर्ग ३ च्या घनाइतका, २७, अशी संख्या. ५ चा वर्ग २५. पंचवीस सत्तावीसांपेक्षा लहान. म्हणजे ५ हे ३ च्या दीड-घातापर्यंत पोचलेच नाहीत. ३ च्या पायावर ५ चा लॉग दीडपेक्षा लहान. संपलं. पहिली दीडच्या वर, दुसरी दीडच्या खाली.

बघा, आपण दोन्ही लॉगांची किंमत काढलीच नाही. अजूनही आपल्याला ती ठाऊक नाही. ८ आणि ९, २५ आणि २७, एवढ्या चार पूर्ण संख्यांवर निकाल लागला. (लॉग टेबल उघडलं तर पहिली साधारण १.५८५ आणि दुसरी साधारण १.४६५ निघते. पण हे फक्त पडताळा म्हणून.)

आता कुणी म्हणेल, तुम्हाला दीड आधीच ठाऊक होता म्हणून जमलं. दुसरी खुंटी घेतली असती तर? घेऊन बघू. सव्वा घ्या, म्हणजे ५/४. पहिल्या संख्येसाठी ३ चा चौथा घात ८१, २ चा पाचवा ३२, म्हणजे पहिली सव्वापेक्षा मोठी. दुसरीसाठी ५ चा चौथा घात ६२५, ३ चा पाचवा २४३, म्हणजे दुसरीही सव्वापेक्षा मोठी. दोघी एकाच बाजूला. काही कळलं नाही. पावणेदोन घ्या, ७/४. ८१ विरुद्ध २ चा सातवा घात १२८, ६२५ विरुद्ध ३ चा सातवा घात २१८७. दोघी लहान. पुन्हा काही कळलं नाही. चुकीची खुंटी खोटं बोलत नाही, ती फक्त काहीच सांगत नाही. हा या पद्धतीचा मोठा गुण आहे : तुम्ही चुकीच्या जागी ठोकली आहे हे तुम्हाला लगेच कळतं.

पण दर वेळी खुंटी इतक्या सहज सापडत नाही. म्हणून दुसरं एक उदाहरण घेऊ, जरा हट्टी. २ च्या पायावर ३ चा लॉग मोठा, की ३ च्या पायावर ६ चा? याही दोघी एक आणि दोन यांच्या मध्येच. दीड लावून बघितला. पहिली दीडच्या वर आहे हे आपल्याला माहीतच आहे. दुसरीसाठी ६ चा वर्ग ३६, ३ चा घन २७, म्हणजे तीही वर. दीड निकामी झाला, पण अगदीच वाया गेला नाही. दोघी दीड आणि दोन यांच्या मध्ये आहेत एवढं त्याने सांगितलं. आता दीड म्हणजे ३/२, आणि दोन म्हणजे २/१. या दोन अपूर्णांकांचे अंश मिळवा आणि छेद मिळवा. शाळेत असं केलं असतं तर छडी मिळाली असती, कारण ही बेरीज नव्हे. पण जो अपूर्णांक येतो, ५/३, तो नेहमी त्या दोघांच्या मध्ये पडतो, आणि मध्ये पडणाऱ्यांत त्याचा छेद सगळ्यात लहान असतो.

५/३ लावून बघू. ३ चा घन २७, २ चा पाचवा घात ३२, म्हणजे पहिली ५/३ पेक्षा लहान. ६ चा घन २१६, ३ चा पाचवा घात २४३, म्हणजे दुसरीही लहान. पुन्हा एकाच बाजूला. पण आता घर आणखी अरुंद झालं : ३/२ आणि ५/३ यांच्या मध्ये. पुन्हा अंशात अंश, छेदात छेद : ८/५. ३ चा पाचवा घात २४३, २ चा आठवा २५६, पहिली ८/५ पेक्षा लहान. ६ चा पाचवा घात ७७७६, ३ चा आठवा ६५६१, दुसरी ८/५ पेक्षा मोठी. फुटली जोडी! दुसरी मोठी आहे, आणि तीन प्रयत्नांत निकाल लागला.

आता इतिहासाकडे वळू, कारण आजच्या व्याख्यानाचं खरं कारण ते आहे. ही खुंटी ठोकण्याची पद्धत पुष्कळांना एक क्लृप्ती वाटते, स्पर्धा परीक्षेत वेळ वाचवणारी. आमचं म्हणणं असं, की ही क्लृप्ती नाही. ‘मोठं’ या शब्दाचा अर्थच हा आहे, आणि तो लिहून ठेवलेला आहे.

ग्रीकांपुढची अडचण आठवा. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण यांचं गुणोत्तर कोणत्याही दोन पूर्ण संख्यांच्या गुणोत्तराइतकं नसतं, हे त्यांना कळलं होतं. मग प्रश्न आला : जी गुणोत्तरं संख्यांनी सांगताच येत नाहीत, त्यांच्यात लहान-मोठं कसं म्हणायचं? ‘समान’ म्हणजे तरी काय? आपल्या लॉगांची अवस्था अशीच आहे. २ च्या पायावर ३ चा लॉग जर अपूर्णांक असता, तर २ चा कुठलातरी घात ३ च्या कुठल्यातरी घाताइतका झाला असता. पण २ चे घात सम आणि ३ चे विषम, ते कधीच भेटायचे नाहीत. तसंच ३ आणि ५ चं : ३ च्या घातांना ५ ने भाग जात नाही. म्हणजे आपण तुलना करत होतो ती अशा दोन राशींची, ज्यांची नेमकी किंमत कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही.

यावरचा तोडगा युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पाचव्या खंडात आहे. युक्लिड इ.स.पूर्व ३०० च्या सुमारासचा, पण या खंडातला विचार परंपरेने युडॉक्ससचा मानला जातो. हा निडस गावचा, प्लेटोचा समकालीन, ज्योतिषीही होता. त्या खंडातली सातवी व्याख्या आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. चार राशी घ्या. पहिली आणि तिसरी यांची सारखीच पट करा, दुसरी आणि चौथी यांचीही सारखीच, पण हवी तर वेगळी पट करा. समजा असं एखादं उदाहरण सापडलं, की पहिलीची पट दुसरीच्या पटीपेक्षा मोठी होते, पण तिसरीची पट चौथीच्या पटीपेक्षा मोठी होत नाही. तर पहिलीचं दुसरीशी गुणोत्तर हे तिसरीच्या चौथीशी असलेल्या गुणोत्तरापेक्षा मोठं म्हणायचं.

पहिल्यांदा ऐकताना डोकं गरगरतं, मान्य आहे. पण आपलं गणित यात भरून बघा. पहिली राशी ३ चा लॉग, दुसरी २ चा लॉग, तिसरी ५ चा लॉग, चौथी पुन्हा ३ चा लॉग. पाया कुठलाही एकच घ्या. पहिली आणि तिसरी यांची दुप्पट करा, दुसरी आणि चौथी यांची तिप्पट. लॉगची दुप्पट म्हणजे आतल्या संख्येचा वर्ग, तिप्पट म्हणजे घन. तर ३ ची दुप्पट २ च्या तिपटीपेक्षा मोठी, कारण ९ आठांपेक्षा मोठे. आणि ५ ची दुप्पट ३ च्या तिपटीपेक्षा मोठी नाही, कारण २५ सत्तावीसांपेक्षा मोठे नाहीत. व्याख्येची अट तंतोतंत पुरी झाली. आपण मघाशी मिनिटभरात केलं ते सातव्या व्याख्येचं वाचन होतं. दीड हा आकडा, त्या ‘दुप्पट आणि तिप्पट’चं टोपणनाव.

इथे एक शंका रास्त आहे. ग्रीकांकडे लॉगॅरिथम कुठे होता? नव्हताच. तो शब्द स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरचा, १६१४ च्या ग्रंथातला, ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर आणि ‘अरिथमॉस’ म्हणजे संख्या यांतून घडवलेला. पण ज्या राशी बेरजेने वाढतात आणि मागे गुणाकार चाललेला असतो, अशा राशी ग्रीकांना रोज भेटत होत्या. संगीतात. तार निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो, गुणोत्तर २:१. दोन तृतीयांश ठेवली की षड्जावरून पंचमावर जातो, ३:२. कान म्हणतो ‘अंतर मिळवलं’, तारेवर मात्र गुणोत्तरं गुणली जातात. आपल्याकडे तंबोरा लावणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

आणि या संगीतातच आपल्या जातीचा एक खराखुरा वाद झाला. पंचम आणि मध्यम यांच्या मधलं अंतर, ज्याला ते पूर्ण स्वर म्हणत, त्याचं गुणोत्तर ९:८. प्रश्न असा, की असे सहा पूर्ण स्वर चढलं तर बरोबर एक सप्तक होतं का? ॲरिस्टॉक्सेनस कानाच्या भरवशावर सप्तकात सहा स्वर धरून चालत असे. युक्लिडच्या नावावर असलेली एक छोटी पुस्तिका आहे, ‘सेक्शिओ कॅनोनिस’, म्हणजे तारेची विभागणी. तिच्यात याचं उत्तर आहे आणि ते कानाने दिलेलं नाही, हिशेबाने दिलेलं आहे. ८ सहा वेळा गुणले की २,६२,१४४. ९ सहा वेळा गुणले की ५,३१,४४१. पहिल्याची दुप्पट ५,२४,२८८. म्हणजे सहा पूर्ण स्वर सप्तकाच्या जरासे पुढे जातात.

हे आकडे आपल्या भाषेत वाचा. ९ चा सहावा घात म्हणजे ३ चा बारावा. २,६२,१४४ ची दुप्पट म्हणजे २ चा एकोणिसावा घात. ३ चा बारावा घात २ च्या एकोणिसाव्यापेक्षा मोठा, म्हणजे २ च्या पायावर ३ चा लॉग १९/१२ पेक्षा मोठा! लॉगॅरिथम जन्मायच्या कितीतरी शतकं आधी कुणीतरी नेमकी आपलीच संख्या एका खुंटीच्या वर आहे असं सिद्ध करून ठेवलं होतं. आणि मघाशी ८/५ च्या वेळी भेटलेले २५६ आणि २४३ आठवतात? प्लेटोच्या ‘टायमियस’ संवादात विश्वात्म्याची विभागणी करताना २५६:२४३ हे गुणोत्तर येतं; मध्यमात दोन पूर्ण स्वर बसवल्यावर जो तुकडा उरतो तो हा. म्हणजे प्लेटोच्या पानावर आपल्या संख्येची वरची खुंटी आहे आणि त्या पुस्तिकेत खालची. १९/१२ आणि ८/५ यांत फरक केवळ साठाव्या भागाचा. २ च्या पायावर ३ चा लॉग इतक्या चिंचोळ्या फटीत पकडला गेला होता.

जाता जाता आपल्याकडचं एक सांगतो. ‘षट्खंडागम’ या जैन ग्रंथावर वीरसेनाची ‘धवला’ टीका आहे. तिच्यात ‘अर्धच्छेद’ म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ती गणती, आणि ‘त्रिकच्छेद’ म्हणजे किती वेळा तीन भागांत करता येते ती. २ च्या आणि ३ च्या पायावरचे लॉगच हे, नावानिशी. ही टीका हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापली जाऊ लागली, हे विदर्भातल्या श्रोत्यांना ऐकून बरं वाटेल. ३२ चे अर्धच्छेद पाच, २७ चे त्रिकच्छेद तीन. आपली अडचण मात्र ५ चे त्रिकच्छेद किती, अशी आहे, आणि तिथे मोजणी पुरत नाही, खुंटी लागते.

आता मर्यादा. संख्या जितक्या जवळजवळ, तितकी खुंटी महाग. २ च्या पायावर ३ आणि ५ च्या पायावर १३ हे लॉग घेतले, तर त्यांच्यातला फरक शंभराव्या भागाहूनही कमी आहे. त्यांच्या मध्ये मावणारा सगळ्यात साधा अपूर्णांक २७/१७. तो अंशात अंश मिळवत सापडतो, तोही योगायोगाने १९/१२ आणि ८/५ यांच्यातूनच. पण तपासायला १३ चा सतरावा घात आणि ५ चा सत्ताविसावा घात यांची तुलना करावी लागते, आणि दोन्ही एकोणीस-एकोणीस आकडी संख्या आहेत. हाताने करता येतं, पण दुपार जाते.

याहून खोल मर्यादा दुसरी आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तिचंच जास्त आकर्षण. समजा प्रश्न असा आला : २ च्या पायावर ३ चा लॉग मोठा, की ४ च्या पायावर ९ चा? दीड लावा, दोघी वर. ५/३ लावा, दोघी खाली. ८/५, दोघी खाली. १९/१२, दोघी वर. असं आयुष्यभर करत बसा, जोडी फुटणार नाही, कारण त्या दोघी एकच आहेत : ४ म्हणजे २ चा वर्ग, ९ म्हणजे ३ चा वर्ग. पण हे खुंट्या सांगत नाहीत. शंभर खुंट्या लावून जोडी फुटली नाही, याचा अर्थ संख्या समान आहेत असा होत नाही, एकशे एकावी फोडील. असमानता सिद्ध करायला एक खुंटी पुरते. समानता सिद्ध करायला सगळ्या खुंट्या लागतात, आणि त्यांना अंत नाही.

युक्लिडच्या मजकुरात हा फरक उघड दिसतो. सातवी व्याख्या म्हणते, एखादी पट सापडली तर. पाचवी व्याख्या समान गुणोत्तरांची आहे, आणि ती म्हणते, कोणतीही पट घेतली तरी दोन्हीकडे निकाल सारखाच लागला पाहिजे. ‘एखादी’ आणि ‘कोणतीही’. १८७२ मध्ये जर्मनीत रिखार्ड डेडेकिंडने अपरिमेय संख्येची व्याख्या केली ती याच वाटेवरची : संख्येच्या खाली कोणते अपूर्णांक आणि वर कोणते, हे सगळं सांगितलं की संख्या सांगून झाली. म्हणून ४ आणि ९ च्या प्रश्नात आपल्याला खुंट्या टाकून युक्तिवादाकडे जावं लागतं. कुठलाही अपूर्णांक घ्या. ९ चा घात हा ३ च्या त्याच घाताचा वर्ग आणि ४ चा घात हा २ च्या त्याच घाताचा वर्ग. वर्ग केल्याने लहान-मोठेपणा बदलत नाही, म्हणून एकीकडे जो निकाल तोच दुसरीकडे. एका वाक्यात सगळ्या खुंट्या तपासून झाल्या.

प्रश्नोत्तरांना वेळ आहे म्हणून घरी करायला एक देऊन ठेवतो : ३ च्या पायावर ५ आणि ५ च्या पायावर ९. एक आणि दोनपासून सुरू करा, अंशात अंश मिळवत चला. पहिली खुंटी दीडच पडेल, आणि ती लागणार नाही. ५ चा वर्ग २५ सत्ताविसांच्या खाली, आणि ९ चा वर्ग ८१ हा ५ च्या घनाच्या, १२५ च्या, खाली. पुढे ४/३ घ्या आणि ३ चा, ५ चा चौथा घात, ९ चा घन काढून ठेवा.